मेणबत्त्या त्याच, आकडे उलटे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका घरात जूनमध्ये दोन वाढदिवस येतात. ९ तारखेला बाबांचा, २३ तारखेला चिन्मयचा. यंदा बाबांच्या केकसाठी आईने ५ आणि २ या आकड्यांच्या मेणबत्त्या आणल्या. बाबांनी फुंकर मारल्यावर तिने त्यांच्या बुडाचं क्रीम पुसलं, त्या कागदात गुंडाळल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. दोन आठवड्यांनी त्याच मेणबत्त्या चिन्मयच्या केकवर लागल्या, २ आधी आणि ५ नंतर.

आजी म्हणाली, "अगं, असं मागेही झालं होतं की! हा चौदाचा झाला तेव्हा."

आता कोडं.

पहिला प्रश्न: बापाच्या वयाचे आकडे उलटे केले की मुलाचं वय मिळतं, अशा सगळ्या जोड्या शोधा. दोघांचीही वयं दोन आकडी हवीत आणि पूर्ण झालेली वर्षंच धरायची. वयांतला फरक २१ पेक्षा कमी नको, ५० पेक्षा जास्त नको. (२१ घेतले, कारण लग्नासाठी मुलाचं कायदेशीर वय तेवढं आहे.)

दुसरा प्रश्न: शेजारच्या घरातल्या बाप-लेकांची वयंही अशीच उलटसुलट आहेत. वर्षभरापूर्वी तिथे बापाचं वय मुलाच्या बरोबर दुप्पट होतं. आज दोघांची वयं किती?

तिसरा प्रश्न: चिन्मयच्या आईने त्या दोन मेणबत्त्या जपून ठेवल्या, तर पुन्हा कधी उपयोगी पडतील?

वही-पेन घ्या, आणि उत्तर वाचण्याआधी निदान पाच जोड्या स्वतः काढून बघा.

उत्तर

बापाच्या वयातला दशकाचा अंक द आणि एककाचा ए म्हणू. बापाचं वय १०द + ए, मुलाचं १०ए + द. वजाबाकी केली की उरतं ९ × (द − ए). म्हणजे फरक कायम नवाच्या पाढ्यातला. सगळं कोडं या एका ओळीत आहे. ती हाती लागली की ११ ते ९९ पर्यंतची सगळी वयं तपासत बसावं लागत नाही.

नवाच्या पाढ्यात २१ ते ५० च्या मधे तीनच संख्या येतात: २७, ३६ आणि ४५. ४२ आणि २४ ही जोडी पटकन सुचते, पण तिथे फरक १८ आहे, म्हणून ती बाद.

फरक २७, म्हणजे दोन अंकांत ३ चं अंतर: ४१–१४, ५२–२५, ६३–३६, ७४–४७, ८५–५८, ९६–६९.

फरक ३६: ५१–१५, ६२–२६, ७३–३७, ८४–४८, ९५–५९.

फरक ४५: ६१–१६, ७२–२७, ८३–३८, ९४–४९.

एकूण १५. "दोन आकडी" ही अट काढली तर ३०–३, ४०–४ आणि ५०–५ याही येतील. मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या केकवर शून्याची मेणबत्ती कोणी लावत नाही.

मराठी कानाला या कोड्यात एक वेगळी गंमत मिळते. लिहिताना आपण ५ आधी लिहितो, पण बोलताना "बावन्न" म्हणतो, म्हणजे दोन आधी आणि पन्नास मागून. "पंचवीस" मध्ये पाच आधी. आकडे उलटे करण्याची सवय आपल्या जिभेला आधीच आहे.

दुसऱ्या प्रश्नात १०द + ए − १ = २ × (१०ए + द − १). आवरल्यावर ८द + १ = १९ए. द जास्तीत जास्त ९, म्हणून डावी बाजू ७३ च्या पुढे जात नाही. एकोणीसच्या पाढ्यात तोवर १९, ३८, ५७ येतात. एक वजा करून आठाने भाग जाणारी त्यांतली एकच, ५७. म्हणून द ७ आणि ए ३. बाप ७३, मुलगा ३७. वर्षापूर्वी ७२ आणि ३६.

तिसऱ्या प्रश्नात थोडं थांबावं लागतं. चिन्मय जन्मला तेव्हा बाबांना २७ पूर्ण होऊन चौदाच दिवस झाले होते. दरवर्षी ९ ते २३ जून या काळात पूर्ण वर्षांतला फरक २८ होतो, बाकी वर्षभर २७. फरक २७ असतानाच आकडे जुळतात, म्हणून ही उलटापालट २३ जूनला सुरू होते आणि पुढच्या ९ जूनला संपते. तारखा उलट असत्या, मुलाचा ९ ला आणि बापाचा २३ ला, तर बाप २६ पूर्ण असतानाही हेच घडलं असतं.

दोन्ही अंक एकेकाने वाढायला ११ वर्षं लागतात. म्हणून १४ नंतर २५, मग ३६, मग ४७. आजीची आठवण बरोबर आहे. पण पुढच्या वेळी ६३ आणि ३६ लागतील, त्यामुळे ५ आणि २ या मेणबत्त्या या घरात अशा जोडीने पुन्हा लागणार नाहीत. एकेकटी लागेल: बाबांच्या ५३ ला ५ आणि चिन्मयच्या २६ ला २, दोन्ही पुढच्याच जूनमध्ये.