दोन भाषांमुळे व्याकरण मागे पडतं का? मृणालताईंना उत्तर

नमस्कार मृणालताई,

तुमचा मेल सविस्तर आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. ईशान पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होईल. बंगळुरूत दिवसभर अप्पा आणि अज्जींची कन्नड, संध्याकाळी तुमची मराठी. तो "मी पोळी खाल्लो" आणि "माझं गाडी" म्हणतो, म्हणून नर्सरीच्या बाईंनी मराठी बंद करायला सांगितलं.

मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे मुलाची व्याकरण शिकण्याची क्षमता मंदावत नाही. पण प्रत्येक भाषेचं व्याकरण ती भाषा कानावर किती पडते त्या बेताने पक्कं होतं. ईशानला मराठी दिवसातून दोन-तीन तास मिळते. साताऱ्यातल्या त्याच्या वयाच्या मुलाला ती दिवसभर मिळते. नुसत्या मराठीत दोघांची तुलना केली तर ईशान थोडा मागे दिसणारच. अमेरिकेत इंग्रजी-स्पॅनिश घरांतल्या मुलांमध्येही हेच दिसलंय: एकेका भाषेत शब्द आणि व्याकरण एकभाषिक मुलांपेक्षा थोडं मागे, पण दोन्ही भाषांचे शब्द एकत्र धरले की त्यांच्या बरोबरीने.

म्हणून माझं लक्ष "खाल्लो"पेक्षा तुम्ही मेलच्या शेवटी ओझरतं लिहिलेल्या वाक्यांकडे गेलं. वडील आले की तो "अप्पा बंद्रु" म्हणतो आणि कुत्रा आला की "नायि बंतु". कुणी न शिकवता त्याने वडिलांसाठी आदराचं रूप वापरलं आणि कुत्र्यासाठी नपुंसकलिंगी. क्रियापद कर्त्याशी जुळवायचं असतं हे या पोराला पक्कं कळलंय. व्याकरणात खरीच अडचण असलेलं मूल दोन्ही भाषांत अडखळतं. एका भाषेत व्यवस्थित आणि दुसरीत कच्चं, असं सहसा होत नाही.

आता "मी पोळी खाल्लो". कन्नडमध्ये "नानु चपाती तिंदे" म्हणताना क्रियापद "मी"शी जुळतं. मराठीत मात्र भूतकाळात ते पोळीशी जुळतं: पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं. मराठीची ही खोड फक्त मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलांनाही चकवते. "माझं गाडी"चंही तसंच. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. गाडी ती आणि ट्रक तो, हे ऐकून ऐकूनच बसतं. त्यासाठी वेळ द्या.

"आई, हालु नको" हा गोंधळ नाही. दूध त्याला अज्जी देतात, म्हणून "हालु" आधी तोंडात येतं. घरी आपण मोठी माणसंही एका वाक्यात तीन भाषा बोलतो, तेव्हा कुणी आपल्याला थेरपिस्टकडे पाठवत नाही!

बाईंचा सल्ला जुन्या समजुतीतून आलाय. 1920च्या दशकात वेल्समधल्या द्विभाषिक मुलांच्या चाचण्यांवरून दोन भाषा बुद्धीला मारक ठरवल्या गेल्या, पण मुलांची आर्थिक परिस्थिती नीट धरलीच नव्हती. 1962 साली मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी ती धरून तुलना केली, तेव्हा द्विभाषिक मुलं उलट पुढे निघाली. आणि 2003च्या एका कॅनेडियन अभ्यासात, भाषेचा विकारच असलेली फ्रेंच-इंग्रजी बोलणारी मुलं व्याकरणात तसाच विकार असलेल्या एकभाषिक मुलांपेक्षा जास्त अडखळत नव्हती. म्हणजे अडचण असली तरी एक भाषा काढून घेणं हा इलाज नव्हे.

तुम्ही एवढं करा. तो "मी पोळी खाल्लो" म्हणाला की "खाल्लो नाही, खाल्ली म्हण" असं टोकू नका. "अरे वा, पोळी खाल्लीस? सगळी पोळी खाल्लीस? आईने पण पोळी खाल्ली" म्हणा आणि पुढे चला. एका दमात योग्य रूप तीनदा कानावर पडतं आणि गप्पा मोडत नाहीत. साताऱ्याच्या आजीचा व्हिडिओ कॉल "काय जेवलास" पाच मिनिटांत संपत असेल, तर त्यांना रोज एक गोष्ट सांगायला सांगा, तीच तीच चालेल. अज्जींनी मात्र कन्नडच बोलावं. मोडक्या मराठीपेक्षा त्यांची अस्सल कन्नड त्याच्या जास्त कामाची आहे.

दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांनी घरच्यांनाही त्याचं बरंचसं बोलणं कळत नसेल, सांगितलेलं समजत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळू लागले असतील, तर दोन भाषांवर ढकलून थांबायचं नाही, लगेच तपासणी. तुमच्या मेलमध्ये यातलं काहीच नाही. पण सर्दीने कान वारंवार दुखतात असं लिहिलंय, त्यासाठी एकदा ऑडिओलॉजिस्टकडून श्रवण तपासणी करून घ्या. कानात पाणी साचून कमी ऐकू येत असेल तर दोन्ही भाषांवर परिणाम होतो.

रिपोर्ट आला की पाठवा. सोबत तो अज्जींशी खेळतानाचं दहा मिनिटांचं आणि तुमच्याशी खेळतानाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंगही पाठवा. कन्नडचं माझ्या बंगळुरूच्या सहकारी ऐकतील, मराठीचं मी.

आपली,
शुभदा
स्पीच थेरपिस्ट, पुणे