खिळ्यांची छपाई

परवाची गोष्ट. फाउंटनला फुटपाथवर माझी जुन्या पुस्तकांची पथारी आहे. संध्याकाळचे सहा, ऑफिसं सुटलेली, सगळं पब्लिक चर्चगेटकडे पळतंय आणि वर आभाळ गच्च भरलेलं. एक काका उकिडवे बसून ढीग उपसत होते, त्यात त्यांना मोल्सवर्थ सापडला. तोच तो, मराठी-इंग्रजी कोश, जाडजूड. पाठ फाटलेली, पुढची पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली. गिरगावात एक चाळ रिकामी होत होती, तिथल्या रद्दीवाल्याकडून किलोवर उचललेल्या गोणीतला. मी नीट उघडूनही बघितला नव्हता, खोटं कशाला बोलू. पुण्यातून १९७५ला ह्याचं रिप्रिंट निघालेलं, ते येतं अधूनमधून, म्हटलं तेच असणार.

"केवढ्याला?"

"चारशे."

"अहो ह्याला कव्हर तरी आहे का! दोनशे."

अडीचशेला ठरलं. काका पाकीट काढतायत तेवढ्यात टपटप सुरू झालं. मी एका हाताने प्लास्टिक ओढलं, दुसऱ्या हाताने कोश पेपरात गुंडाळायला घेतला, मधलं एक पान दुमडलं होतं ते सरळ करायला अंगठा फिरवला आणि पलीकडच्या बाजूची अक्षरं हाताला लागली, बारीक खडबडीत, मुंग्या चालल्यासारखी.

आमचे बाबा छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लहानपणी माझं बोट धरून पानाच्या पाठीवर फिरवायचे, हे बघ खिळ्यांनी दाबलंय. ऑफसेटचं पान कसं, गुळगुळीत, काही लागतच नाही. आणि कागदही पापडासारखा तुटत नव्हता. शंभर वर्षांपूर्वीचा स्वस्त कागद हातात चुरा होतो, त्याच्याही आधीचा चिंध्यांचा कागद मात्र टिकतो, हेही त्यांचंच.

"काका, एक मिनिट हां."

ब्लेडने चिकटलेली पानं हळूच सोडवली. एक कोपरा गेलाच, अजून जीव जळतो. आत इंग्रजीत मुंबईचं नाव आणि खाली १८५७.

"द्यायचा नाहीये हा," मी म्हटलं.

"असं कसं? ठरलं ना आपलं?"

"ठरलं होतं. चूक माझी."

काका हजारवर गेले, मग दोन, मग एकदम पाच. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! राग यायला पाहिजे होता, पण हसूच आलं, कारण दोनशे म्हणताना चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती ह्या माणसाच्या. शब्द मोडला म्हणून मलाही कसंतरीच झालं, त्यांना दुसरं एक पुस्तक फुकट देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. छत्री उघडून गेले.

धंदा आवरला, कोश डब्याच्या पिशवीत घातला. लोकलला ही गर्दी. पिशवी पोटाशी धरून उभा होतो तर शेजारचा म्हणतो, "भाऊ, वर रॅकवर टाका ना, टोचतंय."

म्हटलं, राहू दे, अंधेरीला उतरतोच आहे.