शेवटच्या गाडीचा मागचा डबा : नव्या गार्डसाठी सूचना

सोमवारपासून रात्री १२.४० ची गाडी तुमच्याकडे येते. बारा डबे, चौदा स्टेशनं, शेवटचा फलाट १.४८ ला. गाडी कशी चालवायची ते तुम्हाला शिकवलेलं आहे. हा कागद फक्त मागच्या डब्याबद्दल आहे. केबिनच्या दरवाजाची काच ज्या डब्यात उघडते, तो डबा. त्यात जिवंत माणसं असतातच, पण या एका गाडीला त्यांच्याबरोबर गेलेली माणसंही प्रवास करतात. आम्ही त्यांना प्रवासीच म्हणतो, तुम्हीही तसंच म्हणा. दुसरा कोणताही शब्द त्यांच्या कानावर पडला तर ते उतरून जातात आणि मग बरेच दिवस फलाटावर नुसते उभे राहतात.

सगळे नियम एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती आधी समजून घ्या. या प्रवाशांना वजन नाही. गाडी निघाली की आपलं अंग तिच्याबरोबर ओढलं जातं, त्यांचं जात नाही. गाडीचा एखादा भाग हातात असेल तरच ते गाडीबरोबर जातात. हात सुटला की ते जागच्या जागी राहतात आणि गाडी त्यांच्यातून पुढे निघून जाते. त्यांना लागत नाही. पण दोन स्टेशनांच्या मध्ये, अंधारात, रुळांवर एकटं राहणं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर एकदा पाहिलंत की कड्या मोजायला कधी विसरणार नाही.

तर कड्या. मागच्या डब्यात वर लटकणाऱ्या ७२ आहेत. दारांजवळ चार उभे खांब आहेत, प्रत्येक खांबाला चार हात मावतात. म्हणजे ८८ जागा. बाकं हिशेबात धरू नका, ती जिवंत प्रवाशांची. रिकामं राहिलं तर प्रवासी बसतात, पण कुणी बसायला आलं की न सांगता उठतात, म्हणून उठणाऱ्याला एक कडी मोकळी हवीच. गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी डब्यात जा आणि प्रत्येक कडी खाली ओढून पाहा. पट्टा फाटलेला किंवा स्क्रू सैल असलेली कडी वर गुंडाळून बांधून टाका. लटकती ठेवलीत तर कुणीतरी विश्वासाने धरेल. जितक्या बांधल्या तितक्या जागा कमी, आणि तो आकडा रजिस्टरच्या वरच्या ओळीत लिहायचा. खांब लहान मुलांसाठी राखून ठेवा, वरची कडी त्यांच्या हाताला येत नाही. मोठ्याचा हात धरून मूल येत नाही, हेही लक्षात असू द्या. एक पकड एकालाच नेते. आई वेगळी, मूल वेगळं, दोघांचे हात गाडीवर. नवी आई हे ऐकत नाही, मुलाला छातीशी धरते. तिला आधी खांबाशी उभं करा, मुलाचा तळवा खांबावर ठेवायला सांगा, आणि हे झाल्याशिवाय दोन घंट्या देऊ नका.

ही माणसं दिवसाच्या गाडीने का जात नाहीत, असं नवीन गार्ड विचारतात. दिवसा कड्या मोकळ्या नसतात, एवढंच कारण आहे.

फलाटावर ते दारापासून दोन पावलं मागे उभे राहतात. उतरणारे जिवंत प्रवासी उतरेपर्यंत हलत नाहीत, चढणारे चढेपर्यंतही नाहीत. बोलावल्याशिवाय कुणीच आत येत नाही. केबिनच्या दारातून एकदा, नेहमीच्या आवाजात, "या, जागा आहे" म्हणा. जागा नसेल तर "आज डबा भरला, उद्या नक्की" असं सांगा, आणि उद्या त्या फलाटावर त्यांनाच आधी बोलवा. ते क्रम विसरत नाहीत. "लवकर" म्हणू नका. घाई केली की ते मिळेल ते धरतात, बहुतेक वेळा शेजाऱ्याचा हात, आणि गाडी सुटताच दोघंही मागे राहतात.

चढणाऱ्याला नाव विचारायचं नाही. फक्त "कुठे उतरणार?" नाव विचारलं की ते नावाशी जोडलेलं सगळं आठवत बसतात आणि स्टेशन निसटतं. उत्तर मिळालं की रजिस्टरात त्या स्टेशनाखाली एक रेघ. उतरला की रेघेवर आडवी काट. मोजणी तुमच्या डोळ्यांनीच व्हायला हवी. डब्याखालच्या हवेच्या स्प्रिंगांवर आलेल्या भारावरून ब्रेकचा जोर ठरतो, पण या प्रवाशांनी भरलेला डबा त्या यंत्रणेला रिकामाच दिसतो. रुळांवरचे काउंटर आस मोजतात, माणसं मोजत नाहीत. त्यांची नोंद तुमच्या रजिस्टराशिवाय कुठेच नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग : जे नुकतेच गेले आहेत आणि ज्यांना ते ठाऊक नाही. ते कुठल्याही डब्यात चढतात, खिशात पास असतो, काही न धरता दारात उभे राहतात. गाडी हलली की ते मागे सरकू लागतात. आपली गाडी सेकंदाला साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेते. मागच्या डब्याच्या पुढच्या टोकाला असलेला माणूस नऊ सेकंदांत तुमच्या केबिनपाशी येतो, आणि तोवर गाडीचा वेग ताशी १६ किलोमीटर झालेला असतो. म्हणून पहिली दहा सेकंद फलाटाकडे एक नजर, काचेतून आत एक नजर. कुणी सरकताना दिसलं तर लगेच एक घंटा. मोटरमनला माहीत आहे, तो कारण विचारणार नाही. पहिल्या डब्यातला माणूस मात्र अर्ध्या मिनिटाने पोहोचतो, आणि तेव्हा गाडी ५५ च्या वर असते. त्याच्यासाठी केबिनमध्ये मागच्या भिंतीला एक जादा कडी टांगलेली आहे. ती छातीच्या उंचीवर, दाराच्या समोर राहू द्या, तिच्यावर कोट अडकवू नका. तुम्ही हात पुढे केलात तर तो तुमच्या हातातून निघून जाईल. कडी दिसली तर धरतो. त्या क्षणी "कडी धरा" एवढे दोनच शब्द बोला, त्याहून जास्त त्याच्या कानी पडणार नाहीत.

धरली तर त्याला काही समजावून सांगू नका. त्याचं काय झालं, हे गार्डने सांगायचं नसतं. पुढच्या स्टेशनावर त्याला डब्यात न्या, एखाद्या जुन्या प्रवाशाशेजारी उभं करा आणि मागे फिरा. पुढचं ते करतात. आमच्यापेक्षा फार चांगलं करतात.

नाही धरली तर किलोमीटरच्या खांबाचा आकडा टिपून घ्या आणि पुढच्या स्टेशनवरून रात्रीच्या गँगला कळवा. ब्लॉक मिळाला की कीमन त्या खांबापाशी जातो, "चला, मी सोबत येतो" म्हणतो आणि रुळांच्या कडेच्या वाटेने जवळच्या फलाटावर पोहोचवतो. ते चालू शकतात. एकटे चालत नाहीत.

आठव्या आणि नवव्या स्टेशनांच्या मध्ये न्यूट्रल सेक्शन आहे. मोटरमन करंट तोडतो, गाडी आपल्या वेगाने पुढे जाते, साधारण दहा सेकंद डब्यात बॅटरीवरचे दोनच दिवे राहतात. अंधारात नवा प्रवासी घाबरून शेजाऱ्याकडे हात नेतो, आणि इथे सुटलेला माणूस स्टेशनपासून सर्वात लांब सुटतो. म्हणून पहिली पाटी दिसताच माइकवर सांगा : "थोडा वेळ दिवे जातील, आहे ती पकड सोडू नका." पाटीच्या आधी सांगू नका, फार आधी ऐकलं तर दिवे जाईपर्यंत ते सैलावतात. इथे घंटा देऊन गाडी थांबवायची नाही, मग कुणी सुटलेलं दिसलं तरी. तारेत वीज नसलेल्या तुकड्यात गाडी अडकली तर मागून इंजिन येईपर्यंत सगळेच अडकतात. आकडा टिपा, कीमनला कळवा.

जिवंत प्रवाशांशी ते स्वतःहून बोलत नाहीत, झोपलेल्याला हात लावत नाहीत, सामान ठेवलेल्या बाकावर बसत नाहीत. तक्रार आली तर बहुतेक एकच असते, गुडघ्यांना गारवा लागतो. त्या माणसाला दुसरं बाक दाखवा आणि आधीच्या बाकावरच्या प्रवाशाची माफी मागा. दोघांनाही ऐकू येईल अशी.

बंद पडलेलं स्टेशन अकराव्यानंतर येतं. फलाट अजून आहे, दोनशे मीटर, पण गाडी थांबवायची परवानगी नाही. तिथली माणसं मात्र अजून तिथेच उतरायचं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. इथे तीच अडचण उपयोगी पडते. मोटरमनला अकराव्या स्टेशनावरच सांगून ठेवा, तो वेग १५ वर आणतो. एवढ्या वेगात मागचा डबा फलाटालगत ४८ सेकंद असतो. फलाटाची सुरुवात काचेसमोर आली की पाच मोजा, मग म्हणा : "आलं. हात सोडा." ते सोडतात आणि फलाटावरच उभे राहतात. घाबरणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगायला वेळ आहे, तिसऱ्यांदा नाही. फलाट संपल्यावर कुणी सोडू लागलं तर मोठ्याने "नको" म्हणा. एवढ्याच कामासाठी ओरडायची मुभा आहे. उतरताना ते "येतो" म्हणतात. उत्तर "या" एवढंच, पण प्रत्येकाला वेगळं.

शेवटच्या फलाटावर १.४८ ते १.५८, ही दहा मिनिटं तुमची. रजिस्टरातली शिल्लक शून्य हवी. शून्य नसेल तर आधी सामानाच्या फळ्या पाहा, मुलं तिथे चढतात. मग दारामागे. मग केबिनमध्ये तुमच्या स्वतःच्या मागे, कारण लाजरे प्रवासी तिथे उभे राहतात. गाडी साइडिंगला गेली की २.०५ ला ब्लॉक लागतो, तारेतली वीज बंद होते, आणि गँग अर्थिंग रॉड लावते, आधी रुळाला, मग तारेला. त्या वेळी गाडीला धरून राहिलेल्या प्रवाशाचा हात रॉड निघेपर्यंत सुटत नाही. रॉड पहाटेच निघतो. साइडिंगमध्ये कुणी राहिल्याचं कळलं तर ब्लॉक लागण्याआधी फोन करा. गँगचा मुकादम दहा मिनिटं थांबतो, आजवर कधी नाही म्हणालेला नाही.

काही जण उतरतच नाहीत. स्टेशन सांगतात, ते येतं, आणि हात सुटत नाही. त्यांना हाकलायचं नाही, बाकीच्यांसमोर विचारायचं नाही. शेवटच्या फलाटावर सगळे गेल्यावर, साइडिंगच्या आधी, दार उघडं ठेवून म्हणा : "उद्या याच कडीवर जागा धरून ठेवतो." त्या कडीला पांढरा दोरा बांधा. दुसऱ्या रात्री ती कडी खरोखर मोकळी ठेवा, डबा कितीही भरलेला असो. दिलेली जागा पाळली की ते फलाटावर उतरून थांबायला तयार होतात. आमच्या अनुभवात, एकदा न पाळलेली जागा परत विश्वासात घ्यायला एक महिना लागतो.

रजेवर जाताना बदली गार्डला रजिस्टर, पांढरा दोरा आणि दोरे बांधलेल्या कड्यांचे आकडे हातात द्या. फोनवर नाही. केबिनमधली जादा कडी गाडीबरोबर राहते. रेक बदलला तर ती काढून नव्या रेकच्या केबिनमध्ये १२.२० च्या आत बसवा.