पेड सोशल जाहिरातींतील इमोजी आणि चिन्हं : एजन्सीचं धोरण

अंधेरी कार्यालय. कॉपी, डिझाइन, मीडिया आणि क्लायंट सर्व्हिसिंग या चारही टीमना १ ऑगस्टपासून लागू.

पैसे मोजून चालवलेल्या प्रत्येक सोशल जाहिरातीला हे धोरण लागू आहे, इन्फ्लुएन्सरच्या बूस्ट केलेल्या पोस्टसह. क्लायंटच्या पेजवरच्या साध्या पोस्टला ते लागू नाही; पण तीच पोस्ट बूस्ट करायची ठरली, की आधी या नियमांतून गेली पाहिजे.

मूळ नियम

इमोजी हा दावाच असतो. जी गोष्ट वाक्यात लिहिताना आपण क्लायंटकडे पुरावा मागितला असता, ती चिन्हात दाखवतानाही मागायचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत, त्यामुळे ‘क्लायंटनेच सांगितलं होतं’ हे उत्तर चालणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला वा एंडोर्सरला १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

किती वापरायचे

हेडलाइनमध्ये एकही नाही. मुख्य मजकुरात जास्तीत जास्त तीन, तेही एकमेकांना चिकटून नाहीत. ही मर्यादा आपण आपल्यासाठी घातलेली आहे. मेटाचा नियम असा, की चिन्हं, अंक आणि अक्षरं योग्य रीतीने वापरावीत आणि रिव्ह्यू चुकवण्यासाठी त्यांची मोडतोड करू नये. म्हणून अक्षराच्या जागी चिन्ह घालून शब्द लपवणं पूर्ण बंद.

‘🔥💥😱👇 मोदकांवर सूट’ ही ओळ स्क्रीन रीडरवर ऐका. दृष्टिहीन ग्राहकाला आधी चार चिन्हांची नावं ऐकावी लागतात, मोदक त्यानंतर येतात. तोही आपला ग्राहक आहे. ‘दादरच्या दुकानात मोदकांवर सूट, शनिवारपर्यंत 🔥’ एवढं पुरे.

दिशाभूल करणारी चिन्हं

सर्वात जास्त काळजी इथे घ्यायची आहे.

चित्रावर ▶️, लाल आकड्याची 🔔 किंवा टिक करता येईल असं भासणारा ☑️ नको. जे बटण चालतच नाही त्याची नक्कल मेटा नाकारतं, आणि ते योग्यच आहे. ब्रँडच्या नावापुढे निळी टिकही लावायची नाही, पाहणाऱ्याला ती व्हेरिफिकेशनची खूण वाटते.

🟢 हा खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत सजावटीचा ठिपका नाही. हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ म्हणजे शाकाहारी, हे आपल्याकडे पाकिटावर बघायची सवय सगळ्यांना आहे. अंड्याचा केक विकताना हा ठिपका कुठेही दिसता कामा नये.

पांढऱ्यावर लाल क्रॉस क्लिनिकसाठीही वापरायचा नाही. १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने ते चिन्ह संरक्षित आहे. 🇮🇳 ऑफरसाठी नको, १५ ऑगस्टलाही नको. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांविषयीच्या कायद्यात राष्ट्रध्वजाच्या व्यापारी वापरावर बंदी आहे.

⏳ आणि ⏰ फक्त खरी अंतिम तारीख सोबत लिहिली असेल तरच. खोटी घाई निर्माण करणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे निषिद्ध आहे. ‘आजच शेवटचा दिवस ⏳’ ही जाहिरात दुसऱ्या दिवशी चालू दिसली, तर मीडिया टीमने कोणाला न विचारता थांबवावी.

घरांच्या जाहिराती वेगळ्या तपासायच्या. डोंबिवलीच्या प्रकल्पासाठी आलेला मसुदा असा होता: ‘🏊🌳🚇 स्वप्नातलं घर!’ मंजूर आराखड्यात तलाव नाही आणि मेट्रो अजून सुरू झालेली नाही. म्हणजे तीनपैकी दोन चिन्हं खोटी, आणि घर घेणारा माणूस आयुष्याची कमाई त्यावर लावतो. सुधारित मजकूर: ‘डोंबिवली पूर्व, १ आणि २ बीएचके. आवारात बाग 🌳’. महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड क्रिएटिव्हवर ठळक हवेत. क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे.

भावना दाखवणारे चेहरे

‘कर्जात बुडालात? 😰’ असं लिहू नये. वाचणाऱ्याच्या आर्थिक किंवा शारीरिक स्थितीवर बोट ठेवणारा मजकूर मेटा नाकारतं, आणि रडका चेहरा तो आरोप आणखी टोचरा करतो. उत्पादनाबद्दल बोला: ‘व्याजदर आणि सगळे शुल्क एकाच पानावर’.

रिजेक्ट झाल्यास

तीच जाहिरात दुसरं चिन्ह लावून लगेच अपलोड करायची नाही. वारंवार उल्लंघन झालं तर क्लायंटचं अख्खं जाहिरात अकाउंट बंद पडू शकतं. आधी कारण वाचा, मजकूर दुरुस्त करा आणि मग पाठवा. निर्णय चुकीचा वाटला तर रिव्ह्यूची मागणी करा, ती अकाउंट मॅनेजरनेच करायची.

अपवाद हवा असेल तर कॉपी हेडची लेखी मंजुरी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 👍 मंजुरी धरली जाणार नाही.