व्हॉलीबॉल रोटेशन तक्ता: शनिवार, चोपडा, रात्रीचे सामने

सर्व्हिसचा क्रम: ७ – ११ – ९ – १४ – ८ – १०, मग परत ७.
७ सेटर, समोरासमोर १४. बाहेरचे स्मॅशर ११ आणि ८. सेंटर ९ आणि १०. लिबेरो १७.

वरची ओळ नेटजवळची (जागा ४, ३, २), खालची मागची (५, ६, १). सर्व्हिस खाली उजवीकडच्याची. सर्व्हिस परत मिळाली की सगळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक जागा सरकतात.

```
रो. १     रो. २     रो. ३
१४  ९ ११   ८ १४  ९  १०  ८ १४
 ८ १०  ७  १०  ७ ११   ७ ११  ९

रो. ४     रो. ५     रो. ६
 ७ १०  ८  ११  ७ १०   ९ ११  ७
११  ९ १४   ९ १४  ८  १४  ८ १०
```

मागे आलेल्या सेंटरच्या जागी १७. रो. ३ मध्ये ९ आणि रो. ६ मध्ये १० स्वतः सर्व्हिस करतील. ती गेली की लगेच १७ आत.

पहिली सर्व्हिस आपली असेल तर स्लिप रो. १ ची. समोरच्यांची असेल तर रो. ६ ची भरायची, म्हणजे सर्व्हिस मिळाल्यावर पहिला ७ च येतो. स्लिप कॅप्टनने एकदा मोठ्याने वाचूनच द्यावी.

ओव्हरलॅप फक्त शेजाऱ्याशी मोजतात: ४ पुढे तर ५ मागे, ३–६ आणि २–१ तसेच, आणि ओळीत डावा, मधला, उजवा. तिरक्याशी काही देणंघेणं नाही. पंच बघतो ते जमिनीवरचे पाय, तेही समोरच्याचा हात बॉलला लागतो त्या क्षणी. त्यानंतर कुठेही पळा.

रिसीव्हला आपली गडबड रो. १ मध्येच होते. ७ ला नेटकडे जायची घाई असते आणि ११ रिसीव्हसाठी मागे आलेला असतो. म्हणून ७ ने ११ च्या पाठीमागे, १७ च्या उजवीकडे राहायचं. ११ जितका मागे, ७ त्याहून मागे. बॉल हलला की ११ च्या उजव्या बाजूने सुटायचं.

रो. २: ७ हा १४ च्या मागे, १७ आणि ११ च्या मधे. रो. ३: ७ डाव्या कडेला १० च्या मागे, ११ च्या डावीकडे.

रो. ४ फसवा आहे. ७ पुढे डावीकडे, १० त्याला चिकटून पण उजवीकडेच. दोघांनी नेटला चिकटायचं. ११ हा ७ च्या मागे, १७ च्या डावीकडे. ८ रिसीव्हला मागे आला तरी १४ त्याच्याही मागे. इथे १० आधी डावीकडे घसरला की शिट्टी! म्हणून १७ ने मागून ओरडायचं, "पाय देख भो!"

रो. ५ आणि ६ सोपे. ७ पुढेच आहे, फक्त रो. ५ मध्ये ११ आणि १० च्या मधे.

२०२५ पासूनच्या नियमात सर्व्हिस करणाऱ्या संघाला जागेची मोकळीक आहे, क्रम मात्र पाळायचाच. शनिवारचे पंच कोणत्या नियमाने खेळवतात ते टॉसआधी कॅप्टनने विचारावं. जुना नियम निघाला तर आपल्या सर्व्हिसलाही हाच तक्ता लागू, फक्त सर्व्हिस करणारा सोडून. चूक पकडली तर पॉइंट आणि सर्व्हिस दोन्ही समोरच्यांना.