स्वयंमूल्यमापन : आम्ल, आम्लारी ओळख (इयत्ता आठवी, विज्ञान)

हा कागद घटक संपल्यावर एका तासिकेत सोडवायचा. गुण नाहीत. वहीत विधानाचा क्रमांक लिहा आणि पुढे खूण करा: पुस्तक न उघडता येत असेल तर बरोबर, अडखळत येत असेल तर गोल, येत नसेल तर फुली. विधानाखाली दिलेलं काम करून झाल्यावरच खूण करायची. वाचताना सगळंच सोपं वाटतं, म्हणून ही अट.

पडताळा सूची

1. मला घरातले पदार्थ आम्लधर्मी, आम्लारिधर्मी आणि उदासीन असे वेगळे करता येतात.
काम: चिंच, ताक, चुन्याची निवळी, मिठाचे पाणी, साबणाचे पाणी, लिंबू. चिंचेतल्या आणि लिंबातल्या आम्लाचं नाव लिहा. (द्राक्षातही चिंचेतलंच आम्ल असतं.)

2. मला नैसर्गिक दर्शक तयार करता येतो.
काम: हळदीच्या पट्टीची कृती चार ओळींत लिहा. पट्टी सावलीत का वाळवायची, तेही लिहा. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो, हे तोंडपाठ हवं.

3. मला हळदीच्या पट्टीची मर्यादा सांगता येते.
वर्गात सर्वांत जास्त चुका इथेच झाल्या. पट्टी पिवळीच राहिली की बरेच जण ‘आम्ल’ लिहून मोकळे होतात. मिठाच्या पाण्यातही ती पिवळीच राहते! पिवळी राहणे याचा अर्थ एवढाच, की पदार्थ ठळक आम्लारी नाही.
काम: तीन बाटल्यांवर नावं नाहीत. एकीत लिंबूपाणी, एकीत मिठाचे पाणी, एकीत चुन्याची निवळी. जवळ फक्त हळदीच्या पट्ट्या. तिन्ही ओळखा. (पट्टी एकदा लाल झाली की फेकू नका, तिच्यावर दुसरा थेंब टाका.)

4. मला लिटमस, फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथिल ऑरेंज यांचे आम्लातले व आम्लारीतले रंग सांगता येतात.
काम: तक्ता न बघता तक्ता काढा.

5. मला उदासिनीकरण समीकरणासह समजावता येते.
काम: HCl + NaOH → NaCl + H₂O. यातला क्षार कोणता? फिनॉल्फ्थॅलिन घातलेल्या आम्लारीत थेंबाथेंबाने आम्ल टाकताना गुलाबी रंग नेमका कधी जातो?

6. मला सुरक्षितता पाळता येते.
काम: संहत आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल की आम्लात पाणी? कारण एका वाक्यात.

विचार करून लिहा

अ. तुमच्या गटाचा कोणता प्रयोग फसला? कारण शोधा: ड्रॉपर न धुता दुसऱ्या द्रावणात बुडवला का? बोटाला साबण होता का? खायचा सोडा कोरड्या पट्टीवर कोरडाच टाकला का? ‘प्रयोग चुकला’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही.

आ. खायच्या सोड्याने हळदीची पट्टी फिकट तांबूस होते, चुन्याच्या निवळीने ठसठशीत लाल. दोन्ही आम्लारिधर्मीच, मग फरक का?

इ. वरण सांडलेला युनिफॉर्म साबणाने घासला की डाग लाल होतो, खळखळून धुतला की पुन्हा पिवळा. दोन्ही बदल घटकातल्या शब्दांत सांगा.

ई. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात. 1 टक्क्याच्या मिश्रणासाठी 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि साधारण 1 किलो चुना. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. चुना कमी पडला तर पानं करपतात, म्हणून शेतकरी मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघतात. खिळ्यावर तांबूस थर आला की आणखी चुन्याची निवळी घालतात. आता सांगा: निळा लिटमस बुडवला असता तर काय दिसलं असतं? हे मिश्रण लोखंडी पिंपात न करता प्लास्टिकच्या पिंपात का करतात? घरी बाग असेल तर मोठ्यांना विचारा, पण मोरचुदाला हात लावू नका.

उ. या घटकाआधी ‘आंबट म्हणजे आम्ल’ एवढंच माहीत होतं. आता त्यात काय बदललं? प्रयोगशाळेतला पदार्थ चाखून का ओळखायचा नाही?

खुणांनंतर

1, 4 ला फुली असेल तर घरी तक्ता दोनदा लिहून काढा. 2, 3 ला गोल किंवा फुली असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत या, पट्ट्या आणि तीन बाटल्या ठेवलेल्या असतील. 5 अडलं तर शेजारच्याकडून समजून घ्या, मग त्याच्याच वहीत स्वतः समीकरण लिहून दाखवा. 6 ला फुली असलेल्यांनी पुढच्या प्रयोगाआधी तोंडी उत्तर देऊनच ॲप्रन घालायचा.