बी.एड. सीईटी : सहा आठवड्यांच्या उजळणीचं वेळापत्रक (जिनिंगची नोकरी सांभाळून)

भाऊजी, हे स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटवा, म्हणजे घरात सगळ्यांना दिसेल आणि पहाटे कोणी तुम्हाला दूध आणायला पाठवणार नाही. पेपर शंभर प्रश्नांचा, वेळ ९० मिनिटं. मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सिलॅबस तुमचा एकदा वाचून झालाय. आता नवं पुस्तक आणायचं नाही, कोणी फुकट दिलं तरी.

रोजचा साचा (सोमवार ते शनिवार)

पहाटे ४.४५ ते ६.१५ : मानसिक क्षमता. डोकं ताजं असतं तेव्हा हेच. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.
सकाळची एसटी, दारव्ह्यापर्यंत : सामान्य ज्ञान. खिशातल्या वहीचं एकच पान. बसायला जागा मिळाली नाही तर मनात आठवायचं.
दुपारी डबा खाल्ल्यावर २० मिनिटं : अभियोग्यतेचे दहा प्रश्न.
रात्री ८.४५ ते ९.३० : पहाटे चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. मग झोप.

काट्यावर गाड्यांची रांग लागली की दुपारचं बुडणार, हे धरूनच चला. सीझनमध्ये आवक वाढली तर रात्रीचंही जाईल. पहाटेचं मात्र सोडायचं नाही, तेवढं एक टिकलं तरी आठवडा वाया गेला नाही असं समजा. लाइट गेली तर इन्व्हर्टरचा दिवा तुमच्या टेबलाचा. टीव्ही बंद राहील, मी बघते.

पहिला आठवडा

संख्यामालिका, अक्षरमालिका, सांकेतिक भाषा. रोज ३० प्रश्न, घड्याळ न लावता. वहीत दोन रकाने करा : ‘रीतच माहीत नव्हती’ आणि ‘घाईत गेलं’. दोन्हींचा इलाज वेगळा असतो, म्हणून एकत्र लिहू नका. एसटीत विदर्भ : अकरा जिल्हे, नद्या, ताडोबा (१९५५, राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान), लोणार (२०२० मध्ये रामसर यादीत), मेळघाट. हे घरचंच आहे, तीन दिवसांत व्हावं.

रविवारी पूर्ण पेपर, ९० मिनिटं. गुण कितीही येऊ देत, कोणाला सांगायचे नाहीत.

दुसरा आठवडा

नातेसंबंध, दिशा, क्रमवारी, बैठक व्यवस्था. नातेसंबंधात प्रश्न वाचता वाचता कागदावर वंशवेल काढा. तोंडी सोडवायला गेलात की मामेभाऊ आणि आतेभाऊ यांची अदलाबदल ठरलेली.

शेकडेवारी आणि गुणोत्तरासाठी वेगळा तास ठेवला नाही, ते तुमच्या हातातच आहे. १०० किलो कापसातून ३४ किलो रुई निघाली तर २६ क्विंटलच्या गाडीतून किती? ८.८४ क्विंटल. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, त्या कपातीचा हिशेब दिवसातून दोन-तीनदा कॅल्क्युलेटर न लावता करा. मालकाला पावती मात्र कॅल्क्युलेटरनेच द्या.

तिसरा आठवडा

हा सगळ्यात जड आहे. कालमापन, घड्याळ, तर्क-अनुमान, वेन आकृत्या. कालमापनाची रीत एका उदाहरणात पक्की करा : २६ जानेवारी १९५० चा वार. १६०० वर्षांचे जादा दिवस शून्य, ३०० वर्षांचा १. उरलेल्या ४९ वर्षांत लीप १२, साधी ३७. म्हणजे २४ अधिक ३७, एकूण ६१, सातने भागून बाकी ५. जानेवारीचे २६, बाकी ५. बेरीज ११, बाकी ४. रविवार शून्य धरला तर चार म्हणजे गुरुवार. आता हीच रीत तुमच्या जन्मतारखेवर आणि आत्याबाईंच्या लग्नाच्या तारखेवर लावून बघा, लग्नपत्रिका कपाटात आहे.

तर्क-अनुमानात ‘काही’ आणि ‘सर्व’ यांच्या आकृत्या काढल्याशिवाय उत्तराला हात लावायचा नाही. विधान जगात खरं आहे का, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

चौथा आठवडा

होळी-धुळवड याच आठवड्यात आहे. धुळवडीचा एक दिवस पूर्ण सुट्टी, अर्धवट अभ्यास नको. गावाकडच्या लग्नांना आईबाबा जातील, तुम्ही नाही. मी सांगून ठेवलंय.

या आठवड्यात पहाटेची वेळही अभियोग्यतेला द्या. हा भाग वाचून येत नाही, प्रश्न सोडवून येतो. नमुना : सातवीतला मुलगा कापूस वेचणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस शाळेत येत नाही, तुम्ही काय कराल? ‘हजेरीतून नाव कमी करीन’, ‘सर्वांसमोर समज देईन’, ‘मुख्याध्यापकांना कळवून मोकळा होईन’, ‘पालकांशी बोलून बुडालेला अभ्यास भरून काढीन’. पहिले दोन लगेच खोडा. तिसऱ्यात जबाबदारी ढकललेली आहे. चौथं उत्तर. शिक्षा, अपमान किंवा टाळाटाळ असलेला पर्याय बहुतेक वेळा असाच गळतो. उत्तर देताना आपल्या गावातले गुरुजी काय करतील हे आठवू नका, शिक्षकाने काय करायला हवं ते विचारा.

सोबत शिक्षणाचं एक पान : ८६ वी घटनादुरुस्ती २००२, कलम २१-अ, शिक्षण हक्क कायदा २००९ (अंमल १ एप्रिल २०१०, वय ६ ते १४, शारीरिक शिक्षेला बंदी), कोठारी आयोग १९६४-६६, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यातला ५+३+३+४ आकृतिबंध. नई तालीम विसरू नका : १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद, डॉ. झाकिर हुसेन समिती. वर्धा इथून हाकेच्या अंतरावर आणि आपल्याच पोरांना ते साल येत नाही, याचा मला दरवर्षी राग येतो.

पाचवा आठवडा

नवीन काहीच नाही. एक दिवस पूर्ण पेपर, दुसऱ्या दिवशी त्याची चिरफाड. असे तीन पेपर. त्यातला निदान एक दारव्ह्याच्या सायबर कॅफेत संगणकावर द्या. स्क्रीनवर वाचून कागदावर कच्चं काम करायची सवय हाताला लागली पाहिजे. माऊस आपल्या जिनिंगच्या संगणकासारखा अडकणारा नसेल, एवढी आशा आहे.

वेळेची वाटणी अशी करून बघा : सामान्य ज्ञान १२ मिनिटं, अभियोग्यता २२, मानसिक क्षमता ५०, शेवटची ६ मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना. सामान्य ज्ञानात येतं ते येतं, नाही ते बसून आठवत नाही. तिथे थांबू नका. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

याच आठवड्यात एका दुपारी सेतूत जाऊन नॉन-क्रिमिलेअरची मुदत तपासा. जात पडताळणी, अधिवास, पदवीच्या गुणपत्रिका एका फाइलमध्ये. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची तिथे जत्रा भरते.

सहावा आठवडा

चुकांची वही, बाकी काही नाही. ‘रीतच माहीत नव्हती’ हा रकाना सोमवार ते बुधवार. ‘घाईत गेलं’ हा नुसता वाचून काढा, आपण कोणत्या जागी घाई करतो ते दिसेल. मालकाकडून परीक्षेच्या आदल्या दिवसाची आणि परीक्षेच्या दिवसाची रजा सोमवारीच लेखी घ्या. ‘सांगू मग’ असं म्हणाले तर काट्याचं काम कोण बघणार तेही तुम्हीच सुचवा.

आदल्या दिवशी : दुपारपर्यंत शिक्षणाचं पान आणि विदर्भाचं पान. संध्याकाळी वही बंद. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, मूळ आधार कार्ड, पेन, पाण्याची बाटली. जेवण हलकं, सावजी रस्सा परीक्षेनंतर.

परीक्षेच्या दिवशी : केंद्र यवतमाळला. हॉल तिकिटावर पोहोचण्याची जी वेळ आहे, तिच्या तासभर आधी पोहोचवणारी एसटी धरा. ती चुकली तर ‘हे’ मोटारसायकल काढतील, टाकी आदल्या रात्री भरून ठेवायला सांगितलंय.